विवेकी अपेक्षा आणि धोरणाची निष्प्रभता

मध्यवर्ती बँकेने पैशाचा पुरवठा वाढवला आणि ती वाढ लोकांनी आधीच हिशेबात धरलेली असली, तर तिचा परिणाम फक्त किमतींवर होतो. उत्पादन आणि रोजगार जिथल्या तिथे राहतात, असे सांगणारा स्थूल अर्थशास्त्रातील सिद्धांत. थॉमस सार्जंट आणि नील वॉलेस यांनी तो 1975 आणि 1976 च्या लेखांत मांडला. त्यामागचा विवेकी अपेक्षांचा विचार जॉन म्यूथ यांचा (1961). तो पैशाच्या प्रश्नाला लावून दाखवण्याचे काम रॉबर्ट ल्यूकस यांनी 1972 साली केले.

‘विवेकी अपेक्षा’ या शब्दप्रयोगाने बराच गोंधळ झाला आहे. लोक सर्वज्ञ असतात किंवा त्यांचे अंदाज नेहमी बरोबर ठरतात, असा त्याचा अर्थ नाही. अंदाज चुकतात, पण सतत एकाच दिशेने चुकत नाहीत, एवढाच दावा आहे. म्यूथ यांच्यासमोर शेतमालाच्या बाजाराचा जुना कोडेवजा प्रश्न होता. यंदा भाव चढा आहे म्हणून शेतकरी पुढच्या हंगामासाठी जास्त पेरा करतात, माल जास्त येतो, भाव कोसळतो. मग पेरा कमी होतो आणि भाव पुन्हा चढतो. ‘यंदाचा भाव तोच पुढच्या वर्षीचा’ असे शेतकरी धरून चालतात, या गृहीतावर हे सारे चक्र उभे होते. पण दर दुसऱ्या वर्षी हात पोळणारा माणूस तोच ठोकताळा किती वर्षे वापरेल? म्यूथ यांचे म्हणणे असे की, भाव कसा ठरतो हे अर्थशास्त्रज्ञाला ज्या प्रतिमानातून कळते, निदान तेवढी समज बाजारातल्या माणसांना आहे असे धरा. त्यांचा अंदाज आणि प्रतिमानाचा अंदाज मग सरासरीने एकच येतो.

पैशाच्या धोरणाशी याचा संबंध येतो तो पुरवठ्याच्या बाजूने. मिल्टन फ्रीडमन आणि एडमंड फेल्प्स यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस दाखवले होते, की भाववाढ झाली म्हणून कोणी जास्त माल बनवत नाही. अपेक्षेपेक्षा जास्त भाववाढ झाली तरच उत्पादन नैसर्गिक पातळीच्या, म्हणजे भावांचे अंदाज बरोबर ठरल्यावर जेवढे होते त्याच्या, वर जाते. ल्यूकस यांनी याचे कारण माहितीच्या विभागणीत शोधले. प्रत्येक उत्पादक जणू आपल्या बेटावर राहतो. त्याच्या मालाचा भाव त्याला लगेच कळतो, बाकी देशातले भाव उशिरा कळतात. बेकरीवाल्याच्या पावाला दहा टक्के जास्त भाव मिळू लागला, तर दोन शक्यता असतात: लोकांना खरोखर पाव जास्त हवा आहे, किंवा सगळ्याच वस्तू महागल्या आहेत. पहिल्या कारणाने भट्टी जास्त वेळ चालवण्यात फायदा आहे, दुसऱ्यात काहीच नाही, कारण पीठ, सरपण आणि मजुरीही तितकीच महागणार. खरे कारण माहीत नसल्याने तो मधला मार्ग काढतो आणि थोडे उत्पादन वाढवतो. सर्व बेटांवर असेच घडले की देशाचे उत्पादन वाढलेले दिसते. मात्र ‘यंदा पैसा सहा टक्क्यांनी वाढणार’ हे त्याला आधीच ठाऊक असेल, तर सहा टक्क्यांची भाववाढ तो मनातून वजा करतो आणि त्या भागापुरती भट्टी नेहमीइतकीच चालते.

हा तर्क आकड्यांत उलगडला की त्याची ताकद कळते. अशी अर्थव्यवस्था घेऊ जिथे उत्पादन नैसर्गिक पातळीवर आहे, ती पातळी स्थिर आहे, आणि पैसा व किमती दोन्ही वर्षाला 4 टक्क्यांनी वाढत आहेत. पैसा जितका वाढतो तितका एकूण खर्च वाढतो आणि तो भाववाढ व उत्पादनवाढ यांत वाटला जातो. भाववाढ अपेक्षेपेक्षा एक टक्क्याने जास्त झाली, तर उत्पादन नैसर्गिक पातळीच्या एक टक्का वर जाते, असे सोयीसाठी मानू.

आता बँक पैशाची वाढ 6 टक्क्यांवर नेते. लोक मागच्या वर्षाकडे पाहूनच अंदाज बांधणारे असतील, तर ते भाववाढ 4 टक्के धरतील. प्रत्यक्षात ती 5 टक्के होईल आणि उत्पादन 1 टक्क्याने वाढेल: 5 आणि 1 मिळून 6. धोरण लागू पडले. पण बँक 6 टक्क्यांवर जाणार हे लोकांनी ओळखले असेल, तर चित्र बदलते. त्यांची अपेक्षा 5 टक्क्यांची असू शकत नाही. तशी असती तर भाववाढ साडेपाच टक्के झाली असती, म्हणजे अपेक्षाच चुकली असती. स्वतःला खोटी न पाडणारी अपेक्षा एकच, 6 टक्के. मग भाववाढ 6 टक्के होते आणि उत्पादन तसूभरही हलत नाही. लोक 6 टक्के धरून बसलेले असताना बँकेने गुपचूप 9 टक्के पैसा वाढवला, तर भाववाढ साडेसात टक्के आणि उत्पादनवाढ दीड टक्का. म्हणजे 9 पैकी अपेक्षित असलेले 6 पूर्णपणे किमतीत गेले आणि अनपेक्षित 3 अर्धे-अर्धे वाटले गेले.

सार्जंट आणि वॉलेस यांचे पुढचे पाऊल धोरण आखणाऱ्यांना जास्त झोंबले. त्या काळी मध्यवर्ती बँकेचे शहाणपण म्हणजे मंदी आली की पैसा सैल करायचा, तेजी आली की आवळायचा. पण हा नियम मागच्या आकडेवारीवर चालतो आणि ती आकडेवारी लोकांनाही दिसते. बेरोजगारी वाढली की बँक काय करणार हे नियमावरूनच कळत असेल, तर बँकेची प्रतिक्रिया घडण्याआधीच किमतीत आणि मजुरीत उतरलेली असते. त्यामुळे मंदीला उत्तर देणारा नियम आणि दरवर्षी ठराविक टक्के पैसा वाढवण्याचा फ्रीडमनप्रणीत नियम, या दोन्हींत उत्पादनाचे चढउतार सारखेच राहतात. बँकेला उत्पादन हलवायचेच असेल तर नियम सोडून मनाला येईल तसे वागावे लागेल. त्याने उत्पादन हलते खरे, पण फासे टाकल्यासारखे. स्थैर्य येण्याऐवजी अस्थैर्य वाढते. अपवाद दोघांनीही मान्य केला होता: बँकेकडे लोकांना नसलेली माहिती असेल, तर धोरणाला वाव उरतो. पण तसे असेल तर माहितीच जाहीर करून टाकणे सोपे, हा त्यावरचा खवचट पण रास्त प्रश्न.

पडताळणीला ल्यूकस यांनी 1973 मध्ये 18 देशांची आकडेवारी घेतली. एकूण खर्च जिथे बऱ्यापैकी स्थिर असतो त्या अमेरिकेत खर्च वाढला की उत्पादन चांगलेच वाढे. अर्जेंटिनात मात्र तितक्याच धक्क्याने उत्पादन जवळपास हलतच नसे. बेकरीवाल्याच्या दृष्टीने हे सरळ आहे. जिथे भाव सतत उसळतात, तिथे पाव महागला की तो ‘सगळेच महागले असणार’ असे समजून चालतो. रॉबर्ट बॅरो यांनी 1977 मध्ये अधिक थेट वाट धरली. मागील पैसावाढ, मागची बेरोजगारी आणि सरकारी खर्च यांवरून अमेरिकेतील पैसावाढीचा जो भाग वर्तवता येतो, तो त्यांनी अपेक्षित मानला आणि उरलेला अनपेक्षित. बेरोजगारीचा संबंध अनपेक्षित भागाशीच दिसला. काही वर्षे हा निर्णायक पुरावा वाटत होता. पुढे फ्रेडरिक मिश्किन यांनी परिणामांना जास्त लांबचा काळ देऊन तेच गणित मांडले, तेव्हा अपेक्षित पैसाही उत्पादन हलवत असल्याचे दिसले. शिवाय या पद्धतीत मुळातच एक खोच आहे. अपेक्षित आणि अनपेक्षित यांची फाळणी संशोधक स्वतःच्या समीकरणाने करतो. लोकांच्या मनात काय होते ते कुठेच नोंदलेले नसते. धोरणाचा नियम बदललेला नाही अशा एकाच काळातल्या आकडेवारीवरून दोन विरोधी सिद्धांत सारखेच बसवता येतात, हे खुद्द सार्जंट यांनी 1976 मध्ये दाखवून दिले होते.

सिद्धांताला खरा धक्का बसला तो मात्र कागदावरच. स्टॅनली फिशर यांनी 1977 मध्ये विवेकी अपेक्षा जशाच्या तशा ठेवल्या आणि एकच गोष्ट बदलली: मजुरीचे करार दोन वर्षांसाठी होतात, आणि दरवर्षी निम्म्याच कामगारांचे करार नव्याने होतात. आता समजा करार झाल्यावर सहा महिन्यांनी मागणी घसरली. बँक पैसा वाढवणार हे सगळ्यांना कळते. तो निर्णय कोणालाही आश्चर्याचा नाही. पण ज्यांच्या मजुरीचा आकडा आधीच लिहून झाला आहे, त्यांना तो बदलता येत नाही. बँक मात्र दर महिन्याला निर्णय बदलू शकते. किमती वाढतात, खरी मजुरी म्हणजे किमतींच्या तुलनेत मजुरी घटते, मालक जास्त माणसे लावतो आणि उत्पादन सावरते. निष्प्रभतेसाठी दोन गृहीते लागतात, लोकांना माहिती असणे आणि त्या माहितीवर लगेच किमती बदलता येणे. सार्जंट-वॉलेस यांच्या निष्कर्षाचे श्रेय पहिल्या गृहीताला मिळाले होते. भार बराचसा दुसऱ्यावर होता.

व्यवहारातली मोठी परीक्षा अमेरिकेतच झाली. पॉल व्होल्कर यांच्या नेतृत्वाखाली फेडरल रिझर्व्ह या तिथल्या मध्यवर्ती बँकेने ऑक्टोबर 1979 मध्ये पैसा आवळण्याचे जाहीर केले. जाहीर केलेले धोरण म्हणजे अपेक्षित धोरण, तेव्हा भाववाढ विनासायास उतरायला हवी होती. ती उतरली खरी, 1980 मधील साडेतेरा टक्क्यांवरून 1983 मध्ये सुमारे तीन टक्क्यांवर. पण 1982 च्या अखेरीस बेरोजगारी 10.8 टक्क्यांवर गेली होती. सिद्धांताच्या पाठीराख्यांचे उत्तर असे की जाहीर होणे वेगळे आणि पटणे वेगळे. आपल्या उदाहरणात लोक 6 टक्केच धरून बसले आणि बँकेने खरोखर 2 टक्केच पैसा वाढवला, तर भाववाढ 4 टक्के होते आणि उत्पादन 2 टक्क्यांनी खाली जाते. मागच्या दशकात वारंवार माघार घेणारी आणि 1980 च्या मध्यात पुन्हा एकदा व्याजदर खाली येऊ देणारी बँक या वेळी टिकेल यावर लोकांनी का विश्वास ठेवावा? हे उत्तर चुकीचे नाही, पण सोयीचे आहे. उत्पादन घटले की ‘लोकांना पटले नव्हते’ असे म्हणता आले, तर सिद्धांताला हरवणारा पुरावा शोधायचा कुठे?

सिद्धांताच्या कक्षेबाबतही एक स्पष्टता हवी. अपेक्षित पैसावाढ निरुपद्रवी आहे असे तो म्हणत नाही. रोख रकमेवर भाववाढ करासारखीच बसते, आणि लोक हातात कमी रोकड ठेवू लागतात. दावा व्यापारचक्रापुरता आहे: वर्षागणिक होणारे उत्पादनाचे चढउतार अपेक्षित पैशाने गुळगुळीत करता येत नाहीत.

1980 नंतरच्या नव-केन्सवादी प्रतिमानांनी विवेकी अपेक्षा स्वीकारल्या आणि हळू बदलणाऱ्या किमती त्यांत घातल्या. त्यामुळे निष्प्रभता गळून पडली आणि अपेक्षांचे महत्त्व उलट वाढले. सार्जंट-वॉलेस यांच्या जगात आधी सांगितलेले धोरण उत्पादन हलवू शकत नव्हते. या प्रतिमानांत मात्र पुढच्या काही तिमाहींचे व्याजदर आजच जाहीर करणे हेच एक साधन ठरते, आणि मोठ्या मध्यवर्ती बँका ते वापरतात.