महिन्याचा डॅशबोर्ड : विक्री, खर्च आणि परत येणारे ग्राहक

विक्री आणि खर्चाची बेरीज बहुतेकांच्या स्प्रेडशीटमध्ये असतेच. अडतं ते तिसऱ्या आकड्यावर: या महिन्यात आलेल्यांपैकी जुने किती? या पत्रकात म्हणून त्यावरच जास्त भर दिला आहे.

सगळी बिलं एकाच शीटमध्ये, एकाखाली एक लिहा. महिन्याला वेगळी शीट करू नका, नाहीतर जुना ग्राहक ओळखता येत नाही. शीटचं नाव 'विक्री' ठेवा. A मध्ये तारीख, B मध्ये बिल क्रमांक, C मध्ये ग्राहकाचा मोबाइल नंबर, D मध्ये रक्कम. नावावरून ग्राहक ओळखायला जाऊ नका. एकच व्यक्ती कधी आडनावासह, कधी आद्याक्षराने लिहिली जाते आणि शीटला ती दोन माणसं वाटतात. नंबरही मोकळी जागा किंवा आडवी रेघ न घालता सलग लिहा.

पुढचे तीन रकाने शीट स्वतः भरेल. दुसऱ्या ओळीत E, F आणि G मध्ये अनुक्रमे ही सूत्रं टाका आणि खाली ओढा:

```
=EOMONTH(A2,-1)+1
=IF(COUNTIFS(C$2:C2,C2,E$2:E2,E2)=1,1,0)
=IF(C2="","",IF(MINIFS(A:A,C:C,C2)<E2,"जुना","नवा"))
```

E मध्ये त्या बिलाच्या महिन्याची पहिली तारीख येते. ती आकड्यासारखी दिसली तर रकान्याला तारखेचा फॉरमॅट द्या. F मध्ये ग्राहकाच्या त्या महिन्यातल्या पहिल्याच बिलापुढे १ येतो, म्हणजे चार वेळा आलेला माणूस एकदाच मोजला जातो. G त्या नंबरची सर्वांत पहिली खरेदी शोधतो. ती या महिन्याच्या आधीची असेल तर ग्राहक जुना. याच महिन्यात पहिल्यांदा आला आणि पुन्हा आला, तरी तो या महिन्यापुरता नवाच. आमच्या मते हेच बरं, कारण मग सगळे महिने एकाच मापाने मोजले जातात. MINIFS एक्सेल २०१९ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत, तसंच गुगल शीट्समध्ये चालतं.

'खर्च' शीटमध्येही तारीख A मध्ये, रक्कम D मध्ये आणि E मध्ये वरचं पहिलंच सूत्र. आता डॅशबोर्डच्या A2 मध्ये पहिल्या महिन्याची १ तारीख लिहा, A3 मध्ये `=EDATE(A2,1)` टाकून खाली ओढा. मग त्यापुढे विक्री, एकूण ग्राहक, जुने ग्राहक आणि जुन्यांकडून झालेली विक्री:

```
=SUMIFS('विक्री'!$D:$D,'विक्री'!$E:$E,$A2)
=SUMIFS('विक्री'!$F:$F,'विक्री'!$E:$E,$A2)
=COUNTIFS('विक्री'!$E:$E,$A2,'विक्री'!$F:$F,1,'विक्री'!$G:$G,"जुना")
=SUMIFS('विक्री'!$D:$D,'विक्री'!$E:$E,$A2,'विक्री'!$G:$G,"जुना")
```

खर्चासाठी पहिल्याच सूत्रात शीटचं नाव बदला.

याने काय कळतं ते एका नमुन्यावरून पाहू. मार्चमध्ये विक्री २,४०,०००, खर्च १,७०,०००. एप्रिलमध्ये विक्री २,४६,०००, खर्च १,८८,०००. विक्री थोडी वाढली, शिल्लक मात्र ७०,००० वरून ५८,००० वर आली. एवढंच दिसलं तर आपण खर्चाच्या मागे लागू. पण मार्चमध्ये ८० ग्राहकांपैकी ४८ जुने होते आणि त्यांनी १,५६,००० ची खरेदी केली होती. एप्रिलमध्ये ग्राहक ९५ झाले, त्यात जुने फक्त ३८ आणि त्यांची खरेदी १,०८,०००. नव्यांच्या गर्दीने जुन्यांची गळती झाकून टाकली होती. अशा वेळी मार्चमध्ये आलेले पण एप्रिलमध्ये न दिसलेले नंबर काढून त्यांना फोन करणं हे पहिलं काम.

आकडे चुकतात ते बहुधा दोन ठिकाणी. पहिलं, तारखा. शीटची प्रादेशिक सेटिंग महिना आधी धरणारी असेल तर ०३/०४ ही ३ एप्रिलऐवजी ४ मार्च होते आणि १३/०४ नुसता मजकूर म्हणून राहते. A रकान्यात १२ पर्यंतच्या तारखा उजवीकडे आणि पुढच्या डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर हेच झालंय असं समजा. सेटिंग आधी दुरुस्त करा, मग त्या तारखा पुन्हा भरा.

दुसरं, नंबर न देणारे ग्राहक. त्यांच्यासाठी सगळीकडे 9999999999 किंवा 'रोख' लिहिलं तर तो एकच, भरपूर खरेदी करणारा जुना ग्राहक ठरतो. तो रकाना रिकामा सोडा: रक्कम विक्रीत धरली जाईल, ग्राहकांत नाही. अशी बिलं खूप असतील तर जुन्या ग्राहकांच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका.

नोंदी सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात सगळेच नवे दिसणार; तुमचा ग्राहक साधारण तीन महिन्यांनी परत येत असेल तर निदान तेवढे महिने तरी हा आकडा कमीच दिसेल. नव्या वर्षी नवी फाइल उघडलीत तर पुन्हा तेच होईल, म्हणून मागच्या वर्षाची बिलं 'विक्री' शीटमध्ये तशीच राहू द्या आणि त्याखाली पुढची लिहा.