आधार पातळी आणि प्रतिरोध पातळी

शेअर, चलन किंवा वायदा यांचा भाव घसरत असताना ज्या भावापाशी घसरण पुन्हापुन्हा थबकते, त्याला आधार पातळी म्हणतात. चढता भाव जिथे पुन्हापुन्हा अडतो, ती प्रतिरोध पातळी. व्यवहारात सपोर्ट आणि रेझिस्टन्स हेच शब्द अधिक चालतात. आलेखावर अशा पातळ्या आडव्या रेषांनी दाखवण्याची पद्धत असल्यामुळे त्या रेषेतच काही बळ आहे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात भाव थांबतो तो त्या भावाला खरेदी किंवा विक्रीच्या ऑर्डरी साचलेल्या असतात म्हणून. त्यामुळे मूळ प्रश्न असा उरतो की परस्परांना न ओळखणारी हजारो माणसे आपापल्या ऑर्डरी एकाच भावाला का लावतात, आणि तोच भाव मोडला की घसरण एकदम वेग का घेते.

ऑर्डरींचे दोन प्रकार येथे महत्त्वाचे आहेत. पहिली नफावसुलीची किंवा ठरलेल्या भावाची ऑर्डर, जी भावाच्या वाटचालीच्या विरुद्ध दिशेने काम करते: भाव पडत 500 रुपयांवर आला की घ्या, चढत 600 वर गेला की विका. दुसरी स्टॉपलॉसची ऑर्डर, जी त्याच दिशेने काम करते: भाव 499.90 पर्यंत पडला की हातातले विकून टाका. पहिली भावाला अडवते, दुसरी त्याला पुढे ढकलते. दोन्ही प्रकार एकाच भावाला सारख्या प्रमाणात साचले असते, तर त्यांनी एकमेकींना छेद दिला असता आणि पातळी अशी काही उरलीच नसती. त्या वेगवेगळ्या जागी साचतात, आणि या विषयाचे मर्म तिथेच आहे.

याचा प्रत्यक्ष पुरावा अर्थशास्त्रज्ञ कॅरोल ऑस्लर यांच्या 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून मिळाला. चलनबाजारात मोठा व्यवहार असलेल्या एका बँकेकडे 1999 च्या ऑगस्टपासून सुमारे आठ महिने ग्राहकांनी नोंदवलेल्या स्टॉपलॉस आणि नफावसुलीच्या साडेनऊ हजारांहून अधिक ऑर्डरी त्यांना तपासता आल्या. डॉलर-येन, पौंड-डॉलर आणि युरो-डॉलर या तीन जोड्यांमधील या ऑर्डरींत नफावसुलीच्या ऑर्डरी नेमक्या गोल आकड्यांवर, विशेषतः शेवटी दोन शून्ये असलेल्या दरांवर, दाटलेल्या दिसल्या. स्टॉपलॉस मात्र गोल आकड्याच्या किंचित पलीकडे होते: विक्रीचे त्याच्या थोडे खाली, खरेदीचे थोडे वर. म्हणजे गोल आकड्यापर्यंत येणाऱ्या भावाला प्रथम अडवणारी गर्दी भेटते आणि ती ओलांडताच ढकलणारी गर्दी लागते. पातळीपाशी भाव का उलटतो आणि पातळी मोडल्यावर का धावतो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या एकाच मांडणीतून निघते. विदा जुना आहे आणि एकाच बँकेचा आहे. तरीही आलेखावरून केलेल्या शेकडो अनुमानांपेक्षा त्याचे वजन मला जास्त वाटते, कारण येथे ऑर्डरीच मोजल्या आहेत.

गोल आकडाच का, याचे स्पष्टीकरण साधे आहे. शेअर नक्की किती रुपयांना स्वस्त ठरतो हे कोणालाच नेमके ठाऊक नसते. अंदाज चारशे ऐंशी ते पाचशे वीसच्या दरम्यान घुटमळत असेल, तर ऑर्डर लिहिताना हात पाचशेवर जातो. असा अंदाज करणारे हजार जण असले की अंदाज वेगवेगळे असूनही ऑर्डरी एकाच जागी येतात. स्टॉपलॉस लावणारा मात्र वेगळा विचार करतो. पाचशेला घेणारे पुष्कळ असतील हे तो जाणून असतो, म्हणून तो त्यांच्या आड बसतो: पाचशे टिकले तर आपण सुखरूप, न टिकले तर बाहेर.

ही घडण कशी चालते ते एका कल्पित शेअरवर पाहू. राष्ट्रीय शेअर बाजारात ऑर्डरींची रांग आधी भावाने आणि सारख्या भावात वेळेने लागते, तर स्टॉपलॉसच्या ऑर्डरी वेगळ्या वहीत राहतात आणि त्यांना जागे करणारा ट्रिगर भाव लागेपर्यंत मार्केट डेप्थमध्ये, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या ऑर्डरींच्या यादीत, दिसत नाहीत. समजा शेअर 512 वरून घसरतो आहे. 500 ला 40,000 शेअरांची खरेदी उभी आहे. त्याखाली प्रत्येक पाच पैशांच्या टप्प्याला जेमतेम 1,000. न दिसणाऱ्या वहीत 499.90 च्या ट्रिगरला 6,000 आणि 499.55 ला 9,000 शेअर विक्रीचे स्टॉपलॉस आहेत. विक्रीची पहिली लाट 30,000 शेअरांची येते. 500 वर ती सगळी पचते, 10,000 ची खरेदी उरते, विक्री संपते आणि भाव वर सरकतो. ज्यांनी आधी शॉर्ट केले होते, म्हणजे हातात नसलेले शेअर विकून ठेवले होते, तेही सौदे मिटवायला खरेदी करू लागतात आणि भाव 508 पर्यंत जातो. पडद्यावर पाहणारा म्हणतो, पाचशेचा सपोर्ट भक्कम आहे. प्रत्यक्षात त्या सपोर्टचा तीन चतुर्थांश भाग खर्ची पडलेला असतो.

दरम्यान पाचशेला 5,000 ची नवी खरेदी लागते असे धरू. दुसरी लाट 18,000 ची, म्हणजे पहिलीपेक्षा बरीच लहान, आली तरी 15,000 पाचशेला संपतात आणि 3,000 विकायचे राहतात. त्यांतले 1,000 शेअर 499.95 ला आणि 1,000 शेअर 499.90 ला जातात, 499.90 चा सौदा होताच 6,000 चे स्टॉपलॉस जागे होतात. त्यांना खाली प्रत्येक टप्प्याला हजारच घेणारे भेटतात, त्यामुळे भाव 499.55 पर्यंत उतरतो आणि पुढचे 9,000 सुटतात. मूळ विक्रेत्याचे फक्त 1,000 शेअर विकायचे राहिले होते. बाजारात मात्र आणखी 15,000 ची विक्री उतरली. वाईट बातमी नाही, कंपनीत काही बदल नाही, तरी भाव कोसळतो. एखाद्या पातळीला जितक्या वेळा स्पर्श होतो तितकी ती मजबूत होते, असे बऱ्याच ठिकाणी सांगितले जाते. प्रत्येक स्पर्शानंतर नवी खरेदी येऊन रांग भरत असेल तरच ते खरे ठरते. ती न भरल्यास प्रत्येक स्पर्श पातळीला पोखरतो.

मोडलेला आधार पुढे प्रतिरोध का होतो, हे याच उदाहरणात पुढे दिसते. पाचशेला खरेदी केलेल्या 45,000 शेअरांचे बरेचसे मालक आता तोट्यात अडकले आहेत. तोटा पत्करून विकायचे जिवावर येते, मात्र भाव परत पाचशेला आला की मुद्दल सुटेल आणि आपण सुटू, असे त्यांच्या मनात घोळत असते. नफ्यातले शेअर लवकर विकायचे आणि तोट्यातले धरून ठेवायचे ही गुंतवणूकदारांची प्रवृत्ती हर्श शेफ्रिन आणि मीर स्टॅटमन यांनी 1985 साली सविस्तर मांडली होती. त्या प्रवृत्तीमुळे कालची खरेदीची रांग आज त्याच भावाला विक्रीची रांग होते. आधी विकून मोकळा झालेला आणि पुन्हा शॉर्ट करण्याची संधी पाहणारा सटोडियाही तिथेच थांबलेला असतो.

गर्दीची ही स्मृती दीर्घकाळ टिकते असे सांगताना मुंबईच्या सेन्सेक्सचा 21,000 हा आकडा हमखास पुढे केला जातो. 10 जानेवारी 2008 रोजी सेन्सेक्स व्यवहारादरम्यान 21,206.77 पर्यंत गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आठ हजारांखाली आला. 5 नोव्हेंबर 2010 च्या मुहूर्ताच्या सौद्यांत तो 21,004.96 वर बंद झाला आणि पुन्हा घसरला. 2013 च्या ऑक्टोबरअखेर त्याने तो बंद भाव मागे टाकला. उदाहरण ठसठशीत आहे, पण ते जपून वापरावे. 2008 ची घसरण जागतिक वित्तीय संकटामुळे झाली, 21,000 या आकड्यामुळे नव्हे. शिवाय निर्देशांकाची स्वतःची ऑर्डरींची वही नसते. ऑर्डरी असतात घटक शेअरांमध्ये, वायद्यांमध्ये आणि ऑप्शनमध्ये. निर्देशांकाच्या गोल आकड्याचा प्रभाव पडतो तो या मार्गांनी, आणि म्हणून एखाद्या शेअरपेक्षा पुसट.

पातळीमागे गर्दीऐवजी एकच खरेदीदार असेल तर काय होते, हे स्विस फ्रँकने दाखवले. 6 सप्टेंबर 2011 रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने एका युरोला किमान 1.20 फ्रँक हा दर राखण्याची घोषणा केली आणि त्यासाठी लागेल तेवढे परकीय चलन घेण्याची तयारी दाखवली. त्या भरवशावर असंख्य व्यापाऱ्यांनी 1.20 च्या जरा वर युरो घेतले आणि जरा खाली स्टॉपलॉस लावले. 15 जानेवारी 2015 रोजी बँकेने हे बंधन अचानक उठवले. स्टॉपलॉस एकाच वेळी जागे झाले, पण समोर घेणाराच नव्हता. काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला आणि 1.19 ला बाहेर पडू असे धरून चाललेल्यांचे सौदे कितीतरी खालच्या भावाने झाले. स्टॉपलॉस विक्री कधी सुरू करायची ते ठरवतो. ती कोणत्या भावाला होईल याची हमी देत नाही. भारतातील ट्रिगर आणि मर्यादा असे दोन भाव असलेल्या ऑर्डरीत अडचण उलटी असते: भाव मर्यादेखाली उडी मारून गेला तर विक्रीच होत नाही आणि तोटा वाढत राहतो.

या पातळ्यांवर कितपत विसंबावे? पूर्णपणे यादृच्छिक भावमालिकेतही शिखरे आणि तळ दिसतात, आणि मागाहून त्यांतून रेषा ओढता येतात. म्हणून खरी कसोटी तुलनेची असते. ऑस्लर यांनी त्याआधी 2000 साली केलेल्या एका अभ्यासात सहा संस्थांनी आगाऊ जाहीर केलेल्या पातळ्या घेतल्या आणि त्यांच्याजवळपास मनमानी निवडलेल्या दरांशी त्यांची तुलना केली. जाहीर पातळ्यांपाशी भाव अधिक वेळा उलटला, पण फरक काही टक्क्यांचाच होता. मनमानी दरांपाशीही भाव बऱ्याचदा उलटतो, हे त्यातून दिसले. डोळ्यांना जाणवणारा परिणाम खऱ्या परिणामापेक्षा मोठा असतो. मार्केट डेप्थवरही आंधळेपणाने भरवसा ठेवता येत नाही, कारण मोठी ऑर्डर थोडी थोडी उघड करता येते आणि दिसणारी ऑर्डर भाव जवळ येताच मागेही घेता येते.

भारतीय आलेखांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासायला हवी. एकास एक बोनस किंवा शेअरची विभागणी झाल्यावर आलेखातले जुने भाव त्या प्रमाणात कमी करून दाखवले जातात. पूर्वी 1,000 ला अडलेला शेअर आता 500 ला अडल्याचा दिसतो, आणि 900 चा जुना आधार 450 चा होतो. तोट्यातल्या मालकाची मुद्दलही त्याच प्रमाणात बदलते, त्यामुळे मुद्दल सोडवू पाहणाऱ्यांची विक्री नव्या भावालाही येऊ शकते. पण 1,150 ला उभी राहिलेली पातळी 575 वर दाखवली गेली, तर तिथे कोणाची ऑर्डर कधीच लागलेली नसते. आणि 2,500 चा गोल भाव 1,250 होऊन गेला, तर गोल आकड्याची जुनी गर्दी तिथे शोधण्यात अर्थ नसतो. अशा पातळीवर विसंबण्याआधी त्या दिवशीचा मूळ, न बदललेला भाव पाहावा लागतो.