पार्श्वभूमी: ‘सोलर कव्हर’ हे नाव आणि तलावातून उडून जाणारी उष्णता

तापवलेल्या पोहण्याच्या तलावावर रात्री निळसर, बुडबुड्यांचं प्लास्टिक पसरतात. बाजारात त्याला दोन नावं पडली आहेत: ‘सोलर कव्हर’ आणि ‘ब्लँकेट’. पहिल्यावरून वाटतं की ते ऊन गोळा करून पाणी तापवतं. दुसऱ्यावरून वाटतं की ते जाडीमुळे ऊब धरतं. दोन्ही समज बऱ्याच अंशी चुकीचे आहेत, आणि कव्हर वापरण्यातल्या निम्म्या चुका या नावांतूनच येतात.

बाष्पीभवनाचा मूळ नियम जुना आहे. पाण्याच्या पृष्ठभागाशी असलेला बाष्पदाब आणि वरच्या हवेतला बाष्पदाब यांच्यातला फरक जेवढा मोठा, तेवढं पाणी भरभर उडतं, हे 1802 मध्ये मांडलं गेलं. तलावांच्या हिशेबात आजही जे सूत्र सर्रास वापरलं जातं त्याचे गुणांक 1918 चे आहेत. त्यात या फरकाला वाऱ्याच्या वेगाची जोड दिलेली आहे. मात्र हे गुणांक पाण्यावरून हवा वाहवून केलेल्या प्रयोगांतून आले, रात्री निवांत पडलेल्या तलावावरून नव्हे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कोलोरॅडोत, कुणी पोहत नसलेल्या एका उघड्या तलावावर प्रत्यक्ष मोजमाप झालं, तेव्हा बाष्पीभवन सूत्राच्या सुमारे तीन-चतुर्थांशच भरलं. पोहणारे उतरले की ओली अंगं, शिंतोडे आणि लाटा यांमुळे ते पुन्हा वाढतं. कव्हरच्या बचतीचे आकडे वाचताना आधी हे पाहावं की हिशेब कुठल्या गुणांकाने केला आहे.

एक उदाहरण घेऊ. 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद तलाव, सरासरी खोली 1.4 मीटर, म्हणजे 70,000 लिटर पाणी. पाणी 28 अंश, हवा 20 अंश, आर्द्रता 50 टक्के, आणि पाण्यालगत सेकंदाला एक मीटर वेगाची झुळूक. 1918 चं सूत्र दहा तासांत सुमारे 320 लिटर पाणी उडेल असं सांगतं. कोलोरॅडोच्या मोजणीनुसार ते सुमारे 240 लिटर धरावं लागेल. पातळी पाच मिलीमीटरही उतरत नाही, म्हणून सकाळी कुणाच्या लक्षात येत नाही. पण प्रत्येक लिटर वाफ होताना साधारण 2,430 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, आणि ती मागे उरलेल्या पाण्यातूनच जाते. 240 लिटरचे होतात सुमारे 160 युनिट, म्हणजे किलोवॅट-तास. एवढ्याने सगळा तलाव दोन अंशांनी थंड होतो. वारा पूर्ण पडला तर हाच आकडा जवळपास निम्मा होतो, इतका वाऱ्याचा वाटा मोठा आहे.

याखेरीज आकाशाकडे होणारं प्रारण आणि हवेला थेट दिली जाणारी उष्णता असते. स्वच्छ आकाश असेल तर आपल्या उदाहरणात ती अंदाजे सात-आठ किलोवॅट, म्हणजे रात्रभरात जवळपास एक अंश. ही गळती कव्हर घातल्यावरही बहुतांशी चालू राहते, कारण बुडबुड्यांचं पातळ प्लास्टिक उष्णतारोधक म्हणून फारच दुबळं आहे. कव्हरचं खरं काम वेगळं आहे. पाणी आणि प्लास्टिक यांच्या मधली चिंचोळी हवा काही क्षणांत बाष्पाने भरून जाते, दाबातला फरक संपतो आणि पाणी उडायचं थांबतं. पहाटे कव्हरची कड उचलून पाहिली तर खालच्या बाजूला थेंबांची दाट जाळी दिसते. उडायला निघालेलं पाणी तिथेच अडून परत टपकत असतं. म्हणून उघडा तलाव सकाळी तीन अंश उतरलेला असेल, तर झाकलेला एखादाच अंश उतरतो.

बुडबुड्यांचं प्लास्टिक 1957 मध्ये भिंतीला लावायच्या कागदासाठी तयार झालं आणि पुढे सामान गुंडाळायला वापरात आलं. तलावावर ते पसरलं 1973 च्या तेलटंचाईनंतर. त्या काळात ‘सोलर’ हा शब्द चलतीत होता आणि पारदर्शक प्लास्टिकला तो सहज चिकटला. वास्तवात पारदर्शक कव्हरही पाण्यात शिरणारं ऊन साधारण 5 ते 15 टक्क्यांनी अडवतं. पूर्ण अपारदर्शक असेल तर ही घट 20 ते 40 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. दिवसा झाकलेला तलाव उघड्यापेक्षा गरम दिसतो, पण ते कव्हरने ऊन ‘पकडलं’ म्हणून नव्हे. उन्हाने आलेली उष्णता वाफेतून निसटली नाही, एवढंच. नावावर विसंबणारा माणूस दिवसभर कव्हर ठेवतो आणि ऊन गेलं की ‘आता काय उपयोग’ म्हणून काढतो. हवा थंड होते आणि उडालेली उष्णता भरून द्यायला ऊन नसतं ते नेमकं तेव्हा.

नियम करणाऱ्यांनी शब्द नीट निवडला. ऊर्जाबचतीच्या अमेरिकी मानकांत तापवलेल्या तलावांना कव्हर सक्तीचं झालं, तेव्हा तिथे ‘बाष्परोधक’ असं विशेषण आलं. 32 अंशांवरच्या तलावांसाठी उष्णतारोधाची किमान पातळी वेगळी सांगितली, म्हणजे वाफ अडवणं आणि ऊब धरणं ही दोन कामं वेगळी आहेत हे मान्य झालं. पण त्याच नियमांत एक सूट शिरली: तलावाची बरीचशी उष्णता सौर पॅनेलमधून किंवा जागेवरच वाया जाणाऱ्या उष्णतेतून मिळत असेल, तर कव्हर नसलं तरी चालेल. युक्तिवाद असा की इंधन जळतच नाही, तर बचत कसली. मला ही सूट चुकीची वाटते. 240 लिटर पाणी तर उडतंच, त्याच्या जागी थंड पाणी भरावं लागतं, आणि ते तापवायला पॅनेलही तेवढे जास्त लागतात.

1950 च्या दशकात जलाशयांवर मेदअल्कोहोलचा एका रेणूच्या जाडीचा थर पसरून पाहिला गेला होता. आज ‘लिक्विड कव्हर’ म्हणून विकलं जातं त्याचं मूळ तिथे आहे. वाऱ्याने तो थर फाटतो आणि एका काठाला गोळा होतो, म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच तो कमी पडतो. आडोशाच्या शांत पाण्यावर तो थोडंफार काम करतो, बुडबुड्यांच्या कव्हरची बरोबरी करत नाही.

कव्हर निकामी होतं त्याच्या खुणाही वाफेशीच जोडलेल्या आहेत. काठाला एक-दशांश पृष्ठभाग उघडा राहिला तर निदान तेवढ्या भागाची वाफ चालूच राहते. कव्हरवर पाण्याची डबकी साचली तर ती वरूनच उडतात आणि खालच्या पाण्याची उष्णता पातळ प्लास्टिकमधून ओढून घेतात. क्लोरीन आणि उन्हाने बुडबुडे फुटून पापुद्रे पाण्यात तरंगायला लागले, की कव्हरचे दिवस भरले. आणि असं कव्हर मुलाचं वजन पेलत नाही. पोहण्याआधी ते पूर्ण गुंडाळून बाजूला ठेवावं लागतं.

पातळी रोज उतरते ती वाफेमुळे की गळतीमुळे, हे ओळखायला बादली पुरते. कव्हर काढून, तलावाचंच पाणी भरलेली बादली पायरीवर अशी ठेवायची की आतली आणि बाहेरची पातळी जुळेल. दोन्हीकडे खूण करायची, पंप बंद ठेवायचा आणि 24 तासांनी पाहायचं. दोन्ही पातळ्या सारख्या उतरल्या तर वाफ. तलाव जास्त उतरला तर गळती, आणि तिथे कव्हरचा उपयोग नाही.