निर्णयप्रधान आणि चर्चाप्रधान इतिवृत्त

सभेत काय ठरले, ते कोणी करायचे आणि कधीपर्यंत, एवढेच ज्यात लिहिलेले असते ते निर्णयप्रधान इतिवृत्त. कार्यालयांत याला अ‍ॅक्शन मिनिट्स म्हणतात. निर्णयापर्यंत पोहोचताना कोणते मुद्दे आले, कोणते पर्याय मागे पडले आणि का, हेही ज्यात सारांशाने येते ते चर्चाप्रधान इतिवृत्त. शब्दशः नोंद हा तिसरा प्रकार आहे. तो विधिमंडळासारख्या सभागृहांसाठी असतो, सोसायटीच्या कमिटीला त्याची गरज नसते. ‘अमुक म्हणाले, त्यावर तमुक म्हणाले’ अशी चार पाने भरली म्हणजे चर्चाप्रधान इतिवृत्त झाले, हा समज चुकीचा आहे. चर्चाप्रधान इतिवृत्तात मुद्दे महत्त्वाचे असतात, ते कोणी मांडले हे बहुतेक वेळा गौण असते.

दोन्हींतला फरक गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरात सर्वांत स्पष्ट दिसतो. समजा, नेरूळमधली ३२ वर्षे जुनी एक इमारत आहे. उपविधींप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करावे लागते. त्या अहवालात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची शिफारस आली. व्यवस्थापक समितीने तीन कोटेशन मागवली. सर्वांत कमी दर ४ लाख २० हजारांचा होता, पण हमी एकाच वर्षाची. दुसरे कोटेशन ५ लाख १० हजारांचे, हमी पाच वर्षांची. तिसऱ्याने कामाचा तपशीलच दिला नव्हता. समितीने दुसरे स्वीकारले. एका सदस्याचे म्हणणे होते की दुरुस्ती निधीत एवढी शिल्लक नाही, आधी फक्त गळक्या भागाचे काम करावे.

निर्णयप्रधान नोंद अशी होईल: ‘ठराव क्र. ४. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम रु. ५,१०,०००/- च्या कोटेशनप्रमाणे देण्याचे ठरले. वर्क ऑर्डर सचिवांनी ३० एप्रिलपूर्वी द्यावी. काम पावसाळ्याआधी पूर्ण करून घ्यावे. सूचक, अनुमोदक. बहुमताने मंजूर.’

चर्चाप्रधान नोंदीत याच ठरावाआधी चार-पाच वाक्ये येतील: ‘तिन्ही कोटेशनचा तुलनात्मक तक्ता सभेपुढे ठेवला. कमी दराच्या कोटेशनमध्ये हमी एक वर्षाची असून पॅरापेट वॉलचे काम धरलेले नाही, असे निदर्शनास आले. तिसऱ्या कोटेशनमध्ये कामाचा तपशील नसल्याने ते विचारात घेतले नाही. दुरुस्ती निधीतील शिल्लक अपुरी असल्याने काम टप्प्याटप्प्याने करावे, असेही मत आले. मात्र अर्धवट काम केल्यास हमी मिळत नसल्याने संपूर्ण काम एकत्र देण्याचे ठरले.’

दोन वर्षांनी नवी समिती निवडून येते. वार्षिक सभेत एक सभासद विचारतो, ९० हजार जास्त देऊन हेच काम का घेतले? पहिली नोंद असेल तर नव्या समितीकडे उत्तर नाही. जुने सचिव कदाचित घोडबंदर रोडला राहायला गेलेले असतात, आणि कोटेशनचे कागद फायलीत सापडले तरी त्यामागचा विचार सापडत नाही. दुसऱ्या नोंदीत उत्तर पानावर आहे. त्याच वेळी, झाडूवाल्याचा पगार, टाकीची सफाई, लिफ्टचे वार्षिक कंत्राट अशा नेहमीच्या विषयांना चर्चेची एवढी नोंद दिली, तर पुढच्या सभेत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ यातच अर्धा तास जातो. म्हणून एकाच इतिवृत्तात दोन्ही पद्धती वापरणे हेच व्यवहारात सर्वांत सोयीचे ठरते. नेहमीचे विषय निर्णयापुरते लिहावेत. मोठा खर्च, नियमाला अपवाद किंवा नाकारलेला अर्ज असेल तिथे कारण लिहावे.

एक नोंद मात्र पद्धत कोणतीही असली तरी टाळता येत नाही, ती विरोधी मताची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७३ नुसार समितीच्या निर्णयांची जबाबदारी सर्व समिती सदस्यांवर संयुक्तपणे आणि वैयक्तिकही असते. ज्याने आपले विरोधी मत इतिवृत्तात नोंदवून घेतले, तो त्या निर्णयाला जबाबदार धरला जात नाही. हवे तर त्याला सात दिवसांच्या आत निबंधकांकडेही ते लेखी कळवता येते. वरच्या उदाहरणात निधीचा मुद्दा मांडणाऱ्या सदस्याला हे संरक्षण हवे असेल, तर ‘असेही मत आले’ पुरेसे नाही. त्याच्या नावासह ‘या ठरावास विरोध’ असे लिहिलेच पाहिजे. निर्णयप्रधान पद्धत निवडणाऱ्या समित्या नेमकी हीच ओळ गाळतात, आणि भरपाईचा प्रश्न आला की त्या सदस्याच्या हातात काहीच पुरावा नसतो. ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द सवयीने लिहू नयेत, ते यासाठीच.

पुनर्विकासाचा विषय आला की तोल चर्चाप्रधान बाजूकडे झुकतो. ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडीतल्या जुन्या इमारती असोत की वाशीतल्या सिडकोकालीन, तिथे एकेक निर्णय अनेक वर्षांनी, वेगळ्या माणसांकडून तपासला जातो. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात, त्याच अधिनियमाच्या कलम ७९अ खाली, पुनर्विकासासाठीच्या विशेष सर्वसाधारण सभेचे चित्रीकरण करण्याची तरतूद आहे. चित्रीकरण आहे म्हणून इतिवृत्त तोकडे ठेवणे धोक्याचे आहे. तीन तासांच्या चित्रफितीतून आर्किटेक्ट का निवडला हे शोधणे अवघड जाते, इतिवृत्तातल्या एका परिच्छेदात ते मिनिटभरात मिळते. सभेला न आलेल्या सभासदालाही निर्णयामागची कारणे तिथूनच कळतात.

याउलट गणेशोत्सव समिती, पार्किंगचे वाटप अमलात आणणारी उपसमिती किंवा रंगकामावर देखरेख करणारा गट यांचे काम ठरवण्याचे कमी आणि करून घेण्याचे जास्त असते. त्यांना विषय, निर्णय, जबाबदार व्यक्ती आणि मुदत असा चार रकान्यांचा तक्ता पुरतो. दुसऱ्या कोणाला शिफारस करणारी उपसमिती मात्र यात धरू नये. तिची शिफारस व्यवस्थापक समितीने मान्य करायची की नाही, हे कारणांवरूनच ठरणार असते.

निवड चुकली आहे हे दोन खुणांवरून ओळखता येते. एकदा मंजूर झालेला विषय तिसऱ्या सभेत पुन्हा पहिल्यापासून वादात येत असेल, तर नोंद तुटपुंजी आहे, कारण कोणते पर्याय का सोडले हे कुणाला आठवत नाही. आणि इतिवृत्त कायम करताना ‘मी असे म्हटलेच नव्हते’ असे वारंवार ऐकू येत असेल, तर नोंद गरजेपेक्षा लांब झाली आहे आणि तिच्यात नावे जास्त आली आहेत. नावे आली की माणसे सावध होतात, काही जण बोलणेच थांबवतात, आणि वहीत फक्त भाषणे उरतात. कायम करताना नोंद बरोबर आहे की नाही एवढेच पाहायचे असते. निर्णय पटत नसेल तर तो बदलण्यासाठी विषयपत्रिकेवर नवा विषय घ्यावा लागतो, जुन्या नोंदीत खाडाखोड चालत नाही.

नव्या समितीने पहिल्याच सभेत हे ठरावाने निश्चित करावे: किती रकमेपुढच्या खर्चाला कारणे लिहायची, कोणत्या विषयांना नाही, आणि मसुदा सदस्यांकडे किती दिवसांत पोहोचला पाहिजे. सचिव बदलला तरी नोंदीची पद्धत मग त्याच्या मर्जीवर राहत नाही.