‘हे सेफ आहे का?’ : बँकेच्या कोडखालच्या ‘कोणाला सांगू नका’ या ओळीची पार्श्वभूमी

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे असं समजू. दुपारी सव्वातीनला आत्याबाईंनी बँकेचा मेसेज जसाच्या तसा त्यावर टाकला आणि शेजारी विचारलं, ‘हे सेफ आहे का?’ मेसेज साधारण असा. त्यातले आकडे नमुन्यादाखल आहेत.

```
482913 is OTP for txn of INR 24,999.00
on card ending 4417. Valid for 10 mins.
Do not share it with anyone.
```

भाच्याने लगेच लिहिलं, ‘आत्या, मेसेज खरा आहे, बँकेकडूनच आलाय.’ त्याचं म्हणणं बरोबर असेल, पण आत्यांच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. मेसेज खरा आहे हीच इथली काळजीची गोष्ट आहे. बँक असा कोड आपणहून पाठवत नाही. कोणीतरी आत्यांच्या कार्डाचा पूर्ण नंबर, मुदतीची तारीख आणि मागचा सीव्हीव्ही एखाद्या दुकानाच्या वेबसाइटवर भरला, पैसे देण्याचं बटण दाबलं, तेव्हा हा मेसेज निघाला. आत्यांनी स्वतः काही मागवलं नसेल, तर कार्डाची माहिती दुसऱ्याच्या हाती आहे आणि तो माणूस या क्षणी सहा आकड्यांची वाट पाहत बसला आहे, एवढं या तीन ओळी सांगतात.

हे असं का घडतं ते समजायला २००९ पर्यंत मागे जावं लागतं. तोवर ऑनलाइन खरेदीला लागणारी सगळी माहिती कार्डावरच छापलेली असे. बिल द्यायला कार्ड दोन मिनिटं दुसऱ्याच्या हातात गेलं, तरी नंबर, तारीख आणि सीव्हीव्ही उतरवून घेता येत असे. रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २००९ रोजी परिपत्रक काढलं आणि १ ऑगस्ट २००९ पासून बंधन घातलं: कार्ड समोर नसताना होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारात, कार्डावर दिसत नाही अशा माहितीवरून आणखी एक पडताळणी झालीच पाहिजे.

त्या परिपत्रकात एसएमएसचा कोडच हवा असं म्हटलेलं नव्हतं. सुरुवातीला बऱ्याच बँकांनी ग्राहकाला कायमचा पासवर्ड ठरवायला लावला. व्हिसा आणि मास्टरकार्डाच्या पडताळणीच्या पानावर तो भरायचा. यात दोन अडचणी होत्या. वर्षातून चारदा खरेदी करणारा माणूस पासवर्ड विसरून जाई. आणि हुबेहूब दिसणारं खोटं पान उघडून कोणी तो एकदा काढून घेतला, की बदलेपर्यंत पुन्हा पुन्हा वापरता येई. एकदाच चालणारा आणि काही मिनिटांत मरणारा कोड हा त्यावरचा उपाय होता. ही कल्पना मोबाइलच्याही आधीची आहे. लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये एकदाच चालणाऱ्या पासवर्डची रीत मांडली, ती तारेवर कान लावून बसलेल्या चोराला डोळ्यांसमोर ठेवून. त्याने आजचा पासवर्ड ऐकला तरी उद्या त्याचा उपयोग होऊ नये, हा हेतू.

आपल्या सगळ्या अडचणीचं मूळ इथेच आहे. कालचा कोड आज चालत नाही, हे कोडाचं बळ. पण आत्ताचा कोड आत्ताच विचारून घेणाऱ्या माणसापुढे त्याचा काही इलाज चालत नाही. बँकेच्या संगणकाला फक्त आकडे जुळले की नाही एवढंच कळतं. ते कोणी वाचले आणि कोणी टाइप केले हे त्याला दिसत नाही. म्हणून चोरांनी संगणक फोडायचा नाद कमी करून सरळ फोन लावायला सुरुवात केली आणि बँकांना मेसेजच्या शेवटी ‘कोणाला सांगू नका’ ही ओळ जोडावी लागली. यंत्रणेत राहिलेली फट भरण्याचं काम त्या ओळीने ग्राहकावर टाकलं आहे.

ती ओळ वाचूनही लोक कोड का सांगतात, याचं एक कारण मेसेजच्या मांडणीत आहे. वरचा नमुना पाहा. आकडे सगळ्यात आधी, रक्कम नंतर, ताकीद शेवटी. बंद स्क्रीनवर मेसेज झळकतो तेव्हा पहिली ओळच दिसते आणि पुष्कळदा रक्कमही कापली जाते. त्याच वेळी फोनवर गोड हिंदीत किंवा गुजरातीत कोणी सांगत असतं की मॅडम, तुमच्या कार्डावर चोवीस हजारांचा व्यवहार होतोय, रद्द करायला आलेला कोड सांगा. हे साफ खोटं आहे. असा व्यवहार थांबवायला कोड लागत नाही. कोड भरला नाही की दहा मिनिटांनी तो आपोआप बारगळतो.

दुसरं कारण सवयीचं. गॅसचा सिलिंडर दारात आला की कोड सांगायचा, कुरिअरवाल्याला सांगायचा, रिक्षात बसताना ड्रायव्हरला सांगायचा. तिथे तो सांगणं योग्यच आहे, कारण वस्तू किंवा गाडी तुमच्यापर्यंत पोचली याची ती खूण असते. बँकेचा कोड म्हणजे चेकवरची सही आहे. दोन्ही मेसेज एकाच इनबॉक्समध्ये एकाखाली एक येतात, दोन्हीत ‘ओटीपी’ लिहिलेलं असतं, आणि घाईत फरक करायचं काम पुन्हा वाचणाऱ्यावरच पडतं.

आता ग्रुपवर टाकण्याचं पाहू. नातेवाइकांनी नुसते सहा आकडे पाहिले म्हणून आत्यांचे पैसे जात नाहीत. हा कोड त्या एका व्यवहाराशी बांधलेला आहे आणि तो व्यवहार ज्याच्या स्क्रीनवर उघडा आहे त्याच्याच कामाचा. पण सोसायटीच्या दोनशे जणांच्या ग्रुपवर किंवा सगळ्यांना दिसेल अशा तक्रारीत तोच मेसेज टाकला, तर पाहणाऱ्यांत तो माणूसही असू शकतो. मुदत संपून कोड मेला तरी कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि रक्कम मागे उरतात. मेसेजमध्ये बँकेचं नाव असेल तर तेही उरतं. ‘मी कस्टमर केअरमधून बोलतोय, तुमचं ४४१७ वालं कार्ड…’ असा विश्वास बसवणारा फोन यायला एवढं पुरतं. शंका विचारायचीच असेल तर आकडे गाळून रक्कम, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव लिहावं. सल्ला द्यायला तेवढं पुरेसं असतं.

पाठवणाऱ्याच्या नावालाही इतिहास आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार कंपन्यांना मेसेजचं शीर्षक, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. ८ मार्च २०२१ रोजी नोंदीशी न जुळणारे मेसेज अडवायला सुरुवात झाली तेव्हा खरे बँक कोडही मोठ्या प्रमाणावर अडकले आणि ती छाननी सात दिवस थांबवावी लागली. २०२५ पासून शीर्षकाच्या शेवटी `-T`, `-S`, `-P` किंवा `-G` अशी खूण येते. कोडाच्या मेसेजला `-T`, जाहिरातीला `-P`. साध्या दहा आकडी नंबरावरून ‘बँकेचा’ मेसेज आला तर तो खोटा हे यावरून कळतं. मात्र `-T` दिसलं म्हणजे व्यवहार आपला, असं मानू नये. चोराने सुरू केलेल्या व्यवहाराचा कोडही त्याच शीर्षकाखाली येतो.

२०१६ मध्ये यूपीआय आलं आणि फसवणुकीला एक नवं वळण मिळालं, ज्यात ‘कोड सांगू नका’ ही ताकीद तोकडी पडते. यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करताना कोड येत नाही, उलट तुमच्या सिमवरून एक मेसेज बाहेर जातो. त्यात अर्थ न लागणारी अक्षरांची लांब माळ असते. ती ज्या सिमवरून आली, त्या नंबराशी बँक तो फोन जोडते. चोर आपल्या फोनवर ही माळ तयार करतो, तुम्हाला पाठवतो आणि म्हणतो, ‘रिफंडसाठी हा मेसेज या नंबरवर फॉरवर्ड करा.’ यात कोड सांगितलेलाच नसतो, तरी त्याचा फोन तुमच्या नंबराच्या नावाने जोडला जातो. पैसे काढायला पिन लागतोच, म्हणून पुढचा प्रश्न कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि येणारा कोड असा असतो. यावर नवा पिन तयार होतो. अक्षरांची माळ कुठेही फॉरवर्ड करायला सांगितलं, की तिथेच थांबावं.

पैसे गेल्यावर तोटा कोणाचा, हे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवलं. चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही अशा प्रकरणात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच पडत नाही. पण ग्राहकाने गुप्त माहिती स्वतः दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा त्याचा आणि कळवल्यानंतर झालेला बँकेचा. लाजेने तासभर गप्प बसणं इथे थेट पैशांत मोजलं जातं.

म्हणून आत्यांसाठी क्रम असा. त्यांनी कोड फोनवर सांगितलेला नसेल तर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करावेत. हे बटण २०२० च्या नियमांमुळे ग्राहकाला मिळालं आहे. मग कार्डामागे छापलेल्या नंबरावर फोन करून ते कार्ड रद्द करून नवीन मागवावं, कारण जुन्याचा नंबर बाहेर गेला आहे. सर्चमध्ये सापडलेला नंबर लावू नये. ग्रुपवरचा मेसेज ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करावा, पण फोनमधला मूळ एसएमएस ठेवावा; तक्रारीत त्याची वेळ लागते. कोड सांगून झाला असेल तर बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा आणि लगेच १९३० लावावा किंवा `cybercrime.gov.in` वर नोंद करावी. गेलेली रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी तक्रार पोचली तरच ती तिथे गोठवता येते.

एवढं करूनही मेसेज येतच राहिले आणि त्यांतले काही वाचलेले दिसले, तर फोनमध्येच कोणी बसलं आहे का ते तपासावं. लग्नपत्रिका किंवा ट्रॅफिक चलन म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली `.apk` फाइल उघडून परवानग्या दिल्या, की ते ॲप एसएमएस वाचून परस्पर पुढे पाठवतं. अशा वेळी कोणालाही काही न सांगता कोड बाहेर जातो. सेटिंग्जमध्ये एसएमएस वाचायची परवानगी कोणत्या ॲपला आहे ते बघावं आणि अनोळखी ॲप काढेपर्यंत बँकेचं काम दुसऱ्या फोनवरून करावं.

रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ रोजी पडताळणीचे नवे निर्देश काढले, अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. दोन पडताळण्या हव्यातच, पण एसएमएसखेरीज इतर मार्गांनाही त्यात जागा आहे: बँकेच्या ॲपमधली मंजुरी, बोटाचा ठसा, फोनशी बांधलेली खूण. ॲपमधल्या मंजुरीत फोनवर वाचून दाखवायला आकडेच नसतात. रक्कम आणि दुकानाचं नाव दाखवून ‘मंजूर’ की ‘नामंजूर’ एवढंच विचारता येतं. फोनवरचा माणूस मग कोड मागणार नाही, ‘मंजूर’ दाबा म्हणेल.