पुरातल्या पाण्याचा भाव: एमआरपी कुठे संपते आणि रस्ता कुठे बंद होतो

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी 43 फूट आहे. शिरोलीजवळ पुणे–बंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरचा पुरवठा जवळजवळ आठवडाभर तुटला. उपसा केंद्रंच बुडाल्याने चोहीकडे पाणी असलेल्या शहरात नळाला थेंब नव्हता. असा पूर आला की तोच वाद पुन्हा निघतो. कुणी म्हणतं, वीस रुपयांची बाटली पन्नासला विकणाऱ्याला आत टाका. कुणी म्हणतं, भाव वाढू दिला नाही तर बाहेरून माल येणार कसा? दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते एकाच दिवशी, एकाच मालाला लागू होत नाही.

हा वाद इथे जुना आहे. 1876–78 च्या दख्खनच्या दुष्काळात व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने धान्याच्या भावात आणि व्यापारात हात घालायचा नाही, असं ठरवलं होतं. रेल्वे नुकतीच आली होती, त्यामुळे चढ्या भावाने धान्य ओढून आणलं हेही खरं. पण शेतमजुराकडे ते विकत घ्यायला पैसाच नव्हता, आणि लिटनने पाठवलेला अधिकारी रिचर्ड टेंपल मदतकामांवरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, इतकी खाली आणायला निघाला होता. माल पोहोचला तरी माणसं मेली. 1880 च्या दुष्काळ आयोगाने आणि त्यातून आलेल्या दुष्काळ संहितेने व्यापार मोकळाच ठेवला, पण मजुरीची कामं आणि थेट मदत देणं सरकारचं कर्तव्य ठरवलं.

किमतीवर थेट बंधन आलं ते दुसऱ्या महायुद्धात. साठेबाजी आणि नफेखोरीविरुद्धचा 1943 चा वटहुकूम, 1946 चा तात्पुरता पुरवठा कायदा आणि मग 1955 चा अत्यावश्यक वस्तू कायदा, अशी ती साखळी आहे. औषधं त्या कायद्याच्या यादीत आहेत. पिण्याचं पाणी स्वतंत्र वस्तू म्हणून त्या यादीत नाही. 2020 मध्ये मास्क आणि सॅनिटायझर काही महिन्यांपुरते यादीत घालून त्यांचे भाव बांधले गेले, म्हणजे सोय आहे. पण पूर दोन दिवसांत चढतो, आणि अधिसूचना निघेपर्यंत तो बहुधा ओसरायला लागलेला असतो.

मग बाटलीबंद पाण्यावर बंधन आहे ते कशाचं? एमआरपीचं. सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती 1990 पासूनची, आणि आज ती वैधमापनाच्या, म्हणजे वजनमाप खात्याच्या, 2011 च्या आवेष्टित वस्तू नियमांत आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा दुकानदाराचा गुन्हा, पूर असो वा नसो. त्यामुळे आपल्याकडे सीलबंद बाटलीवरची लूट सिद्ध करायला सोपी आहे. मात्र लूट तिथे थांबत नाही, ती जिथे छापील किंमत नाही तिथे सरकते: टँकर, सुटा थंड पाण्याचा जार, वाहतूक. स्थानिक प्लँटवर भरलेल्या बिनसीलच्या जारला एमआरपी नसते. टँकरची फेरी ही तर सेवा, तिचा दर फोनवर ठरतो.

एमआरपी कुठे अडते ते हिशेबाने पाहू. आकडे नमुन्याचे आहेत. वीस रुपये एमआरपीची लिटरची बाटली दुकानदाराला 12 रुपयांना पडते. टेंपोत 100 बॉक्स, म्हणजे 1,200 बाटल्या. वळसा घालून यावं लागल्याने भाडं 6,000 रुपयांनी वाढलं, तर बाटलीमागे 5 रुपये जादा पडतात आणि हातात 3 उरतात. माल येतो. भाडं 12,000 ने वाढलं तर बाटलीमागे 10 रुपये जादा, म्हणजे प्रत्येक बाटलीत 2 रुपये तोटा. इथे टेंपो भरलाच जात नाही, आणि दुकानात ‘स्टॉक नाही’ ची पाटी लागते. बाजाराची बाजू मांडणारे बोट ठेवतात ते इथे, आणि बरोबर ठेवतात.

पण हे रस्ता उघडा असताना. महामार्गच पाण्याखाली असेल तर बाटली दोनशेला गेली तरी एकही टेंपो येत नाही. शहरात आहेत तेवढ्याच बाटल्या फक्त हात बदलतात. त्या कुणाकडे जातात? तहान जास्त त्याच्याकडे नव्हे, रोकड जास्त त्याच्याकडे. वीज गेली की एटीएम बंद, टॉवर गेला की यूपीआय बंद. बँकेत पैसे असलेला माणूसही त्या दोन दिवसांत गरीबच असतो. म्हणून बंद रस्त्याच्या काळात माणशी ठरावीक बाटल्या, छापील किमतीला, हेच शहाणपणाचं. एमआरपी असली तरी मोजून न दिल्यास पहिले दहा गिऱ्हाईक बॉक्सच्या बॉक्स उचलतात आणि अकराव्याला काही उरत नाही.

रस्ता उघडल्यावर किंमत मोकळी सोडावी का? आमच्या मते त्याची गरज पडत नाही, कारण अडचण भाड्याची आहे, बाटलीच्या किमतीची नाही. वरच्या उदाहरणात जादा 12,000 रुपये प्रशासनाने भरले तर बाटली वीसलाच विकून दुकानदाराला त्याचे 8 रुपये सुटतात. टँकरसाठी याहून सरळ वाट आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 65 खाली मदतकार्यासाठी वाहन ताब्यात घेता येतं, आणि कलम 66 प्रमाणे त्या भागातल्या प्रचलित भाड्याचा विचार करून मोबदला द्यावा लागतो. 10,000 लिटरचा टँकर माणशी 15 लिटरने साधारण 660 जणांची दिवसाची गरज भागवतो. मोबदला वेळेवर मिळाला नाही तर पुढच्या पुरात टँकरवाले फोन उचलत नाहीत, ही या मार्गाची खरी मर्यादा.

औषधांचं गणित वेगळं. 1962 च्या चीन युद्धानंतर किमतीवर नियंत्रण आलं, आणि आजचा औषध किंमत नियंत्रण आदेश 2013 चा आहे. राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतल्या औषधाची कमाल किंमत काढताना दुकानदाराला 16 टक्के मार्जिन धरतात, म्हणजे 50 रुपयांना पडलेली स्ट्रिप 58 ला, अधिक कर. वळशाचं भाडं सोसायला त्यात फारशी जागा नाही. शिवाय पाण्याचा भाव वाढला तर गाडी धुणं तरी थांबेल. डोस डॉक्टरने ठरवलेला असतो, भाव वाढला म्हणून इन्सुलिन कमी टोचता येत नाही. इथे चढा भाव उधळपट्टी रोखत नाही, फक्त रुग्ण गाळतो. टंचाईची कारणंही भावात नसतात. स्टॉकिस्टचं गोदाम सखल भागात असतं, वीज गेली की 2 ते 8 अंशांत साठवायचं इन्सुलिन खराब होण्याचा धोका असतो, आणि लेप्टोच्या भीतीने सगळे एकदम डॉक्सीसायक्लीन मागतात. यावर उपाय म्हणजे स्ट्रिप कापून तीन-चार दिवसांचा डोस देणं आणि शेजारच्या जिल्ह्यातून साठा हलवणं.

लोकांचा राग आंधळा नसतो. काहनेमन, नेट्श आणि थेलर या अभ्यासकांच्या 1986 च्या पाहणीत हिमवादळानंतर 15 डॉलरचं फावडं 20 ला विकणं 82 टक्के लोकांना अन्यायाचं वाटलं. पण दुकानदाराचा स्वतःचा खर्च वाढल्यामुळे भाव वाढला, तर लोक तो बराचसा मान्य करतात. तपासणीची कसोटी हीच असावी: खरेदीचं बिल कोणत्या तारखेचं आहे? पुराआधी भरलेला सुटा जार दुप्पट भावाने गेला तर ती नफेखोरी. पुरानंतरचं बिल आणि भाड्याची पावती जुळत असेल तर तो खर्च. ग्राहकानेही बिल मागावं. ते दिलं नाही तर पाकिटावरची एमआरपी आणि बॅच नंबरचा फोटो, तारीख, वेळ आणि दिलेली रक्कम एवढं टिपून वैधमापन निरीक्षकाकडे किंवा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. औषधाची बांधलेली किंमत ‘फार्मा सही दाम’ या सरकारी अ‍ॅपवर पाहता येते, मात्र त्याला नेटवर्क लागतं.