संख्या सारखी म्हणजे जोडी नव्हे

"दोन्ही गटांत सहा-सहा उंदीर आहेत, संख्या सारखी आहे, म्हणजे पेअर्ड टी टेस्टच ना?"

नाही. जोडी संख्येवरून नव्हे, प्राण्यावरून ठरते. हॉट प्लेटवर त्याच सहा उंदरांचा प्रतिसाद औषधाआधी ४, ५, ६, ७, ८, ९ सेकंदांनी आला आणि नंतर ६, ६, ८, ८, १०, १० सेकंदांनी, असे समजा. प्रत्येक उंदराचा फरक २, १, २, १, २, १, सरासरी १.५. पेअर्ड चाचणीत t = ६.७१ येतो. स्वातंत्र्यमात्रा ५ असताना ५ टक्के पातळीला २.५७ पुरतो, म्हणजे फरक स्पष्ट आहे.

हेच आकडे कंट्रोल आणि औषध अशा दोन वेगळ्या गटांचे असतील, तर अनपेअर्ड चाचणीच हवी. तिथे t फक्त १.४२ येतो, लागतो २.२३. पेअर्ड लावली असती, तर नसलेला परिणाम सिद्ध झाल्यासारखा दिसला असता, आणि ही चूक मला फार गंभीर वाटते.

शंका आली तर दुसरा स्तंभ उलटा लिहून पाहा. पेअर्डचा t ६.७१ वरून १.०२ वर घसरतो, अनपेअर्डचा हलत नाही. असा क्रम बदलूनही प्रयोगाचा अर्थ बदलत नसेल, तर जोडी मुळात नव्हतीच. एकाच पिलावळीतली भावंडे दोन गटांत मुद्दाम वाटली असतील, तर मात्र जोडी खरी.

त्याच उंदरांची ३०, ६० आणि ९० मिनिटांना मोजणी केली, तर साधी अनोव्हा नको, रिपीटेड मेजर्स अनोव्हा लावा. सेकंदांऐवजी ‘झटके आले किंवा नाही’ एवढेच मोजले असेल, तर काय-स्क्वेअर. पण सहा-सहा प्राण्यांवर फिशरची चाचणी अधिक भरवशाची.